नव्वद दिवस आणि दीड लाख: सही करण्याआधी

*ताई, मला पहिली नोकरी मिळाली आहे. पगार महिना तीस हजार. पत्रासोबत आठ पानांचा करार आलाय. त्यात नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, आणि दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दीड लाख रुपये भरावे लागतील असं लिहिलंय. बाबा म्हणतात, सगळीकडे असंच असतं, सही करून टाक. मैत्रीण म्हणते, असे बाँड कोर्टात टिकतच नाहीत, घाबरू नकोस. चार दिवसांत सही करून पाठवायचं आहे. कुणाचं ऐकू?*

करार हातात घे आणि आधी एवढंच बघ की नोटीस आणि बाँड ही दोन कलमं वेगवेगळ्या पानांवर आहेत. ती तशी असतात याला कारण आहे. ती दोन स्वतंत्र देणी आहेत. नोटीस पूर्ण केलीस म्हणून बाँड सुटत नाही आणि बाँडचे पैसे भरलेस म्हणून नोटीस माफ होत नाही. पहिल्यांदा नोकरी करणाऱ्या बहुतेकांना वाटतं की दीड लाख भरले की उद्यापासून मोकळं. मी बरीच वर्षं एचआरमध्ये काढली, अशी करारपत्रं स्वतः तयार केली, आणि हा गैरसमज मी राजीनाम्याच्या टेबलावर पुन्हा पुन्हा पाहिला आहे. तिथे तो कळून फार उपयोग नसतो.

नोटीस आधी घेऊ, कारण ती प्रत्येकाला लागतेच. नोटीस पिरियड म्हणजे राजीनामा दिल्याच्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा काळ. या काळात तू काम करतेस, पगार घेतेस, काम दुसऱ्याच्या हातात सोपवतेस. ९० दिवस हा आकडा मोठा आहे, पण बेकायदा नाही. खरा प्रश्न असा, की तुला ९० दिवस थांबणं शक्य नसेल तेव्हा काय होतं? तुला पुढची नोकरी देणारी कंपनी बहुधा महिनाभर वाट बघेल, तीन महिने बघेलच असं नाही. म्हणून या कलमात ‘नोटीसऐवजी वेतन’ अशा अर्थाचे शब्द शोध. ते शब्द असतील तर उरलेल्या दिवसांचे पैसे भरून तुला लवकर निघता येतं. याला बोलीभाषेत नोटीस बायआउट म्हणतात.

आता त्याच वाक्यात पुढे वाच. अनेक करारांत लिहिलेलं असतं की पैसे घेऊन सोडायचं की पूर्ण दिवस काम करून घ्यायचं, हे कंपनी ठरवेल. म्हणजे पैसे भरायची तुझी तयारी असली तरी कंपनी ‘आम्हाला पैसे नकोत, माणूस हवा’ असं म्हणू शकते. अशा वेळी कंपनी तुला जबरदस्तीने खुर्चीत बसवून ठेवू शकते का? नाही. माणसाच्या वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट मनाविरुद्ध पाळायला लावत नाही. पण तू तशीच निघून गेलीस तर कंपनी रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, अडवून धरते, आणि पुढची कंपनी नेमकं तेच पत्र मागते. प्रत्यक्षातला दाब या कागदाचा असतो. कोर्ट नंतर येतं, बहुतेक वेळा येतच नाही.

दुसरा शब्द शोधायचा तो ‘बेसिक’ किंवा ‘ग्रॉस’. कमी भरलेल्या दिवसांचे पैसे कशावर मोजायचे, मूळ वेतनावर की एकूण पगारावर? तुझ्या तीस हजारांत मूळ वेतन पंधरा हजार आहे असं धरू. मग नोटीसच्या एका महिन्याची किंमत एका हिशोबाने पंधरा हजार आणि दुसऱ्या हिशोबाने तीस हजार होते. करारात नुसतंच ‘वेतन’ असा मोघम शब्द असेल तर कंपनी मोठाच आकडा धरेल, हे गृहीत धर.

तिसरी गोष्ट, कंपनीने तुला काढायचं ठरवलं तर तिला किती दिवसांची नोटीस द्यावी लागते, तेही त्याच कलमात असेल. तू ९० दिवस द्यायचे आणि कंपनीने ३०, असे करार मी पाहिले आहेत. ते मला तेव्हाही पटत नव्हते आणि आताही पटत नाहीत. निदान विचारून तरी बघ. आणि प्रोबेशनमध्ये नोटीस किती, हेही वाच. तिथे बहुधा १५ किंवा ३० दिवस असतात. पहिल्या सहा महिन्यांत काम जमत नाही असं लक्षात आलं तर तेवढाच तुझा स्वस्तातला दरवाजा आहे. पण प्रोबेशन आपोआप संपतं की कंपनीने पत्र दिल्यावरच संपतं, हे स्पष्ट हवं.

आता दीड लाखाकडे येऊ.

तुझी मैत्रीण सांगते ते अर्धं खरं आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याचं कलम ७४ नेमकं याच बाबतीत आहे. करार मोडला तर अमुक रक्कम द्यायची असं आधीच लिहून ठेवलं असेल, तर ती रक्कम जशीच्या तशी मिळतेच असं नाही. कोर्ट ‘वाजवी भरपाई’ देतं, आणि ती त्या लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे दीड लाख ही कमाल मर्यादा झाली. तुझ्या जाण्याने कंपनीचं खरोखर काय नुकसान झालं, तिने तुझ्यावर काय खर्च केला, हे पाहून त्या मर्यादेच्या आत आकडा ठरतो. २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट मांडलं. तो खटला जमिनीच्या लिलावाचा होता, पण तत्त्व सगळ्या करारांना लागू आहे. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं, आणि नुकसान झालंच नसेल तर भरपाईही नाही. नुकसान मोजणं अवघड असेल तिथे मात्र आधी ठरवलेला आकडा, तो खरोखर अंदाज म्हणून धरलेला असेल तर, मान्य होऊ शकतो.

पण याचा अर्थ बाँड टिकत नाहीत असा होत नाही. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. एका वरिष्ठ व्यवस्थापकाने तीन वर्षं पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली होती, आणि नेमणुकीच्या अटीत दोन लाख रुपये भरायचं कलम होतं. त्याने ते पैसे निषेध नोंदवून भरले आणि मग कोर्टात गेला. उच्च न्यायालयात तो जिंकला, सर्वोच्च न्यायालयात बँक जिंकली. ‘आमचा धंदा-व्यवसाय करण्याचा हक्क हिरावला जातो’ हा मुद्दा कोर्टाने मान्य केला नाही. हे बंधन नोकरी चालू असतानाचं आहे, ती सुटल्यावर दुसरीकडे काम करण्यावर ते बंदी घालत नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

हा निकाल तुझ्या एचआरलाही माहीत असेल, म्हणून त्याची दुसरी बाजूही तुला माहीत हवी. कोर्टाने दोन गोष्टी पाहिल्या. एक, सरकारी बँकेला जाहिरात देऊन, खुली निवडप्रक्रिया राबवून माणूस घ्यावा लागतो, म्हणून अवेळी गेलेल्या माणसाची जागा भरणं तिला खर्चिक पडतं. दोन, तो माणूस वरच्या पदावर, चांगल्या पगारावर होता, त्यामुळे दोन लाख ही रक्कम त्याला राजीनामा देणंच अशक्य व्हावं इतकी मोठी नव्हती. आता हीच फूटपट्टी स्वतःला लाव. दीड लाख म्हणजे तुझे पाच महिन्यांचे पगार. नवख्या मुलीला हा आकडा खरोखर अडकवून ठेवणारा आहे. उद्या वाद झालाच तर हा मुद्दा तुझ्या बाजूचा आहे. कंपनीच्या बाजूचा मुद्दा प्रशिक्षणाचा. बाहेरचा प्रशिक्षक आणला, परीक्षेची फी भरली, दोन महिने तुला कामाला न लावता फक्त शिकवलं, तर तो खर्च खरा आहे आणि तो मागणं वाजवी आहे. पहिल्या दोन दिवसांत कंपनीची ओळख करून देणाऱ्या स्लाइड्स दाखवल्या, त्याला कुणी दीड लाखाचं प्रशिक्षण म्हणू शकत नाही. तू केलेल्या कामाचा पगार हाही प्रशिक्षणाचा खर्च होत नाही.

म्हणून बाँडच्या कलमात चार जागा बघ. दोन वर्षं कधीपासून मोजायची, रुजू झाल्यापासून की प्रशिक्षण संपल्यापासून? रक्कम सरसकट आहे, की जसजसे महिने भरतील तसतशी कमी होत जाणारी? भरलेला काळ राजीनाम्याच्या तारखेपर्यंत धरायचा की शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत? आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: पैसे फक्त तू राजीनामा दिलास तर द्यायचे, की ‘कोणत्याही कारणाने नोकरी संपुष्टात आल्यास’ द्यायचे? हे दुसरे शब्द असतील तर कंपनीने मंदीत तुला काढून टाकलं तरी कागदावर तू देणेकरी होतेस. हा एक शब्दप्रयोग बदलून मिळाल्याशिवाय सही करू नकोस, असं मी माझ्या घरच्या मुलीलाही सांगेन.

हे सगळं आकड्यांत उतरवून बघू. समज, तू १ जूनला रुजू झालीस आणि पुढच्या वर्षी १ एप्रिलला राजीनामा दिलास. नवी कंपनी म्हणते, १ मेपासून या. तुझा शेवटचा दिवस ३० एप्रिल. तेव्हा तुझे अकरा महिने भरलेत, नोटीसचे ९० पैकी ३० दिवस झालेत आणि ६० राहिलेत.

करार कंपनीच्या बाजूने मोघम लिहिलेला असेल तर हिशोब असा. साठ दिवस म्हणजे दोन महिने, ग्रॉसवर मोजले तर ६०,००० रुपये. बाँड सरसकट, म्हणून पूर्ण १,५०,०००. एकूण मागणी २,१०,००० रुपये. सात महिन्यांचा पगार. दोन वर्षांतले तेवीस महिने भरून गेली असतीस तरी बाँडचा आकडा हाच राहिला असता.

आता त्याच करारात दोन शब्द बदललेले आहेत असं धर. नोटीस बेसिकवर मोजायची आणि बाँड उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. मग साठ दिवसांचे ३०,००० रुपये. चोवीसपैकी तेरा महिने राहिले, म्हणून दीड लाख भागिले चोवीस गुणिले तेरा, म्हणजे ८१,२५०. एकूण १,११,२५०. अजूनही जड आहे, पण दोन हिशोबांत ९८,७५० रुपयांचं अंतर पडलं, तेही एकही दिवस जास्त काम न करता. आणि नव्या कंपनीने थांबायची तयारी दाखवली, तू पूर्ण ९० दिवस भरून २९ जूनला निघालीस, तर नोटीसचं देणं शून्य होतं. बाँडचे साधारण अकरा महिने उरतात, त्याचे ६८,७५० रुपये.

हे पैसे प्रत्यक्षात कसे घेतले जातात तेही सांगते. कंपनी तुझ्याकडे रोख मागत नाही. शेवटच्या महिन्याचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे यांतून ती रक्कम वळती करते आणि उरलेली भरायला सांगते. या अंतिम हिशोबाला फुल अँड फायनल म्हणतात. तो कागद आला की ओळीन् ओळ वाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या माणसाचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, तेव्हा ‘आमच्याकडे पंचेचाळीस दिवस लागतात’ हे ऐकून गप्प बसायचं कारण नाही. नोटीसच्या रकमेवर कुणी १८ टक्के जीएसटी लावला तर तोही मान्य करू नकोस. नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. आणि भविष्यनिर्वाह निधीतली तुझी शिल्लक कंपनीच्या ताब्यात नसतेच. तिच्यातून बाँड वसूल करू अशी धमकी पोकळ आहे.

दोन गोष्टी मात्र कुठल्याही परिस्थितीत देऊ नकोस. मूळ गुणपत्रिका किंवा पदवी ‘जमा’ करायला सांगितली तर दाखव, प्रती दे, मूळ कागद घरी आण. आणि बाँडच्या बदल्यात सही केलेला कोरा चेक. बाँड मोडला तर तो पैशांचा दिवाणी वाद असतो. तोच चेक बँकेत भरून परत आला तर पराक्रम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. मग वकील लागतो, तारखा लागतात, आणि वाजवी भरपाई किती हा मूळ प्रश्न बाजूलाच पडतो.

आता चार दिवसांचं. बाबांचंही म्हणणं मला कळतं. नोकरी हातची जाऊ नये हीच त्यांची काळजी आहे. पण प्रश्न विचारल्याने ऑफर मागे घेतली जाते असं क्वचितच होतं. एचआरच्या टेबलावर बसून मी असे ईमेल घेतले आहेत. नम्रपणे, नेमकं विचारणाऱ्या मुलीबद्दल तिथे वाईट बोललं जात नाही. ‘हे कलम अन्यायकारक आहे’ असं मात्र लिहू नकोस, त्याने समोरचा माणूस बचावात जातो. फक्त विचार. साधारण असं:

‘करार वाचला, आभारी आहे. सही करण्याआधी चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. नोटीस कमी पडल्यास रक्कम मूळ वेतनावर मोजली जाते की एकूण पगारावर, आणि पैसे भरून लवकर निघण्याचा पर्याय मला आहे का? बाँडची रक्कम पूर्ण झालेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी होते का, आणि दोन वर्षं रुजू होण्याच्या तारखेपासून धरली जातात का? कंपनीने सेवा संपवल्यास ही रक्कम लागू होत नाही, हे बरोबर ना? आणि बाँड ज्या प्रशिक्षणासाठी आहे, ते किती आठवड्यांचं असतं?’

पहिल्याच दिवशी पाठव, म्हणजे त्यांना उत्तर द्यायला वेळ मिळेल. फोन आला तर बोल, पण बोलणं झाल्यावर ‘आपलं असं ठरलं’ म्हणून त्याच ईमेलला दोन ओळींचं उत्तर टाक आणि ‘बरोबर आहे’ एवढं लेखी मागून घे. फोनवर ‘अहो, आम्ही कुणाकडून घेतच नाही, नुसतं लिहिलेलं असतं’ असं सांगणारा माणूस मनापासून बोलत असेल, पण दोन वर्षांनी तो त्या खुर्चीत नसेल. बऱ्याच करारांत ‘या कागदात आहे तेवढंच खरं, तोंडी काही नाही’ अशा अर्थाचं कलम शेवटून दुसऱ्या पानावर असतंच. म्हणून त्यांनी काही मान्य केलं तर सुधारित करार माग. तो मिळाला नाही तर मान्य केलेलं एका पत्रावर तरी घे.

आणि उत्तर आलं की बाँड बदलत नाही, सरसकटच आहे, तर? मग २,१०,००० हा आकडा समोर ठेवून ठरव. या कामात दोन वर्षं राहायची तुझी मनापासून तयारी असेल, काम शिकवणारं असेल, तर हा बाँड बहुधा कधी वापरातच येणार नाही आणि सही करायला हरकत नाही. सहा-आठ महिन्यांत पुढच्या शिक्षणाला जायचं डोक्यात असेल, किंवा दुसरी ऑफर यायची शक्यता असेल, तर ही सही तुला परवडणारी नाही. कोर्टात आकडा कमी होईल या भरवशावर तर मुळीच नाही, कारण तो कमी करून घेण्याचा खर्च आणि वेळ आधी तुलाच घालावा लागेल. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द असतील आणि ते काढायलाही त्यांनी नकार दिला, तर मात्र मी थांबेन.

सही केलेल्या कराराची दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली प्रत मागून घे. ती आणि हा सगळा ईमेल तुझ्या स्वतःच्या खात्यात ठेव. कंपनीचं ईमेल खातं शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतं, आणि या कागदांची गरज त्यानंतरच पडते.